मदत हवी आहे: उशा, थ्रो, गालिचा सगळं आणलं, तरी थंडीत बैठकीची खोली उबदार वाटत नाही

पायमोजे:
खोली १२ बाय १५ फुटांची. भिंती पांढऱ्या, खाली टाइल्स, सोफ्याच्या मागे मोठी खिडकी. थंडी पडली की संध्याकाळी तिथे कुणी टिकत नाही, जो तो आपापल्या पांघरुणात. म्हणून गेल्या महिन्यात सहा उशा, जाड विणीचा लोकरी थ्रो आणि टीपॉयखाली ३ बाय ५ चा गालिचा आणला. दिवसा छान दिसतं. रात्री छतालगतची ट्यूब लावली की सगळं सपाट, दुकानात मांडून ठेवल्यासारखं. आता भिंतींचा रंग बदलू का? की अजून उशा आणू?

कातरवेळ:
रंगाच्या भानगडीत पडू नका. पांढरी ट्यूब काढून त्याच जागी पिवळी लावा. पिवळ्या दिव्याने खोली थोडी गरमही राहते.

ताणाबाणा:
पिवळा प्रकाश हवा हे बरोबर, पण ९ वॉटच्या एलईडीने खोली तापत नाही, मग तो पिवळा असो की पांढरा. आणि ट्यूब त्याच जागी राहिली तर सपाटपणाही तसाच राहील.

पायमोजे, आज रात्री एक करून बघा. सगळे दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च थ्रोवर आधी समोरून धरा, मग कडेने, कापडाला जवळजवळ टेकवून. कडेने धरल्यावर एकेक टाका उठून दिसेल. जाड कापडाची ऊब डोळ्यांना कळते ती टाक्यांच्या बारीक सावल्यांमुळे, आणि वरून सगळीकडे सारखा पसरलेला उजेड त्या सावल्याच पुसून टाकतो. अजून दहा उशा आणल्या तरी त्या तशाच दिसतील.

म्हणून संध्याकाळी छताचा दिवा बंदच ठेवा आणि तीन दिवे खाली आणा: एक सोफ्याशेजारी, एक समोरच्या कोपऱ्यात स्टँडचा, एक छोटा कपाटावर. सोफ्याशेजारच्या दिव्याच्या शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत यावी, म्हणजे उघडा बल्ब डोळ्यांत जात नाही. खोक्यावर २७०० केल्विन, म्हणजे पिवळा रंग, आणि ४०० ते ५०० ल्यूमेन, म्हणजे उजेड किती ते, लिहिलेलं बघून घ्या. तिन्ही बल्ब एकाच प्रकारचे घ्या. त्यात एक जरी ६५०० चा पांढरा आला तरी नजर तिथेच जाते आणि बाकीचे दोन मळकट वाटू लागतात.

दुपारची_झोप:
आमच्याकडे मुलाला धुळीचा त्रास आहे, त्यामुळे गालिचे कधीच काढून टाकले. जाड पडद्यांतही धूळ बसते. तुम्ही या सगळ्याचा विचार केलाय का?

पायमोजे:
आमच्याकडे तसा त्रास कुणाला नाही. पण पाय गार पडतात ते पडतातच, गालिचा असूनही.

ताणाबाणा:
कारण पाय गालिच्यावर नाहीतच! ३ बाय ५ चा तुकडा टीपॉयखालीच संपतो, सोफ्यावर बसलेल्याचे पाय टाइल्सवरच राहतात. टाइल आणि गालिचा दोन्ही सारखेच गार असतात, पण टाइल पायातली उष्णता झटकन ओढून घेते. सोफ्याचे पुढचे पाय वर येतील एवढा, साधारण ६ बाय ९ चा, साधा सपाट विणीचा गालिचा खाली अंथरा आणि तुमचा जाड गालिचा त्यावर सोफ्याच्या बाजूला सरकवून टाका. नवा जाड घ्यायची गरज नाही. खालच्याच्या तळाला न सरकणारी जाळी मात्र घाला, नाहीतर तो टाइल्सवर घसरतो.

खिडकीपाशी:
पडद्यांचं कुणी विचारलं नाही. सोफ्याची पाठ खिडकीला आहे म्हणजे मानेवर गारवा येत असणार. फट नसली तरी येतो, काचेशी गार झालेली हवा खाली उतरत राहते. अस्तर लावलेला, जमिनीला टेकणारा पडदा घ्या. कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट हवी, तरच चुण्या राहतात. पण खिडकीखाली हीटर असेल तर लांब पडदा नको. उष्णता पडद्यामागे अडकते, आणि हीटर विजेचा असेल तर आगीचीही भीती.

पायमोजे:
हीटर नाही. पडदे अजून शिवायचे आहेत, तोवर सोफा खिडकीपासून दोन फूट पुढे ओढलाय, त्यानेही फरक पडला.
टॉर्चचा प्रयोग करून तर मी थक्क झाले. तीन दिवे लावून आज पाचवा दिवस, आणि काल रात्री सगळे दहापर्यंत तिथेच होते. एकच अडचण उरली: सासूबाईंना त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येत नाही.

कातरवेळ:
त्यांच्यासाठी ४००० केल्विनचा वाचायचा दिवा घ्या. पांढऱ्यात अक्षर स्पष्ट दिसतं.

ताणाबाणा:
मला तसं वाटत नाही. अक्षरासाठी उजेड जास्त लागतो, पांढराच लागतो असं नाही. त्यांच्या खुर्चीमागे २७०० चाच, पण ८०० ल्यूमेनचा दिवा खांद्यावरून पानावर पडेल असा ठेवून बघा.

कातरवेळ:
आमच्या वडिलांना पिवळ्यात वाचवत नाही, कितीही प्रखर असला तरी. त्यांनाच दोन्ही लावून विचारा.

पायमोजे:
दोन्ही बल्ब आणते. शनिवारी सासूबाईंना आळीपाळीने लावून दाखवते आणि इथे कळवते.