मदत हवी आहे: डेंग्यूनंतर स्पर्म काउंट ९ मिलियन आला, टेस्ट परत कधी करू?

ऑरेंजसिटी_पोट्टा: वर्षभरापासून बाळासाठी ट्राय करून राहिलो. बायको ३३ ची, तिचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. माझी सीमेन टेस्ट नोव्हेंबरच्या शेवटी केली, २ एमएल, काउंट ९ मिलियन पर एमएल, मोटिलिटी २८ टक्के. ऑक्टोबरच्या मध्यात डेंग्यू झाला होता, ताप १०३ च्या वर, पण ते कोणी विचारलंच नाही अन् सरळ आयव्हीएफचा खर्च सांगितला. खर्रा खातो, दारू नाही. काय करू?

बंटी_धरमपेठ: टेन्शन नको घेऊ बे, दहा-बारा दिवस संबंधांत गॅप ठेवून सॅम्पल दे, काउंट वाढूनच येते.

विदर्भकन्या: माझ्या बहिणीला पीसीओडी होतं, वहिनींची सोनोग्राफी करून घ्या आधी.

ऑरेंजसिटी_पोट्टा: ताई तिचं झालं सगळं, प्रश्न माझा आहे.

लॅबवाला: भाऊ, शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे नोव्हेंबरात जे मोजले ते तापातच घडत होते. ताप जोरात असला की काउंट अन् मोटिलिटी म्हणजे शुक्राणूंची हालचाल, दोन्ही पडतात, बऱ्याच जणांचं दोन-तीन महिन्यांत वर येतं. जानेवारीच्या शेवटी परत करा, शक्यतो त्याच लॅबला. तसंही एका रिपोर्टवर कोणी ठरवू नये. बंटीभाऊ, गॅप वाढवला की काउंट वाढतो हे खरं, पण जुने शुक्राणू साचतात अन् मोटिलिटी पडते, म्हणून २ ते ७ दिवसच. अन् पहिला भाग डब्याबाहेर गेला तर सांगून द्या, जास्त शुक्राणू त्यातच असतात. तुमचं कसं झालं होतं?

ऑरेंजसिटी_पोट्टा: डब्यात पूर्ण होतं, पण गॅप एकाच दिवसाचा होता, काही सांगितलंच नव्हतं लॅबवाल्यांनी.

लॅबवाला: मग त्यानेही आकडा कमी आला असेल. १६ च्या खाली कमी धरतात, पण ९ म्हणजे शून्य नाही, तोवर दोन-तीन दिवसांआड ट्राय चालू ठेवा. खर्रा आजच बंद करा, पण त्याचा पूर्ण फरक जानेवारीत नाही दिसणार, मार्चमध्ये दिसला तर दिसेल. लॅपटॉप मांडीवर नको, लई गरम पाण्याची आंघोळ नको. दुसराही कमी आला तर युरोलॉजिस्टकडून व्हेरिकोसील म्हणजे अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा तपासून घ्या, उभं करून हातानं तपासतात, अन् एफएसएच, टेस्टोस्टेरॉन या हार्मोनच्या टेस्ट करा.

जिमवाला_मानेवाडा: टेस्टोस्टेरॉनची टेस्ट करा, इंजेक्शन घेऊ नका कोणी! आमच्या ट्रेनरनं दिलं होतं, बॉडी झाली अन् काउंट शून्य. बंद केल्यावर किती महिने गेले परत यायला.

बंटी_धरमपेठ: मग खर्ऱ्याऐवजी नुसती सुपारी चालते का?

लॅबवाला: नाही. सुपारीनं तोंडाचा कॅन्सर होतो, काउंट तर लांबच राहिला.

ऑरेंजसिटी_पोट्टा: बायको म्हणते जानेवारीपर्यंत कशाला थांबायचं, आययूआय करून घेऊ. काय सांगू तिला?

लॅबवाला: ते तुमच्या गायनॅकला विचारा, मी मोजणारा माणूस आहे. फक्त डेंग्यूची तारीख अन् एक दिवसाचा गॅप, दोन्ही सांगा त्यांना.