दुबईच्या ड्यूटी फ्रीत व्हेप उघड विकतात, मग घरी आणायला बंदी का?

गिरणाकाठ, चाळीसगाव
दादा शारजाला एसीच्या कामावर आहे. पुढच्या महिन्यात वहिनीला घेऊन लग्नासाठी येतोय. पाहुण्यांसाठी सिगारेटचा एक कार्टन आणि स्वतःचा व्हेप आणणार आहे. सिगारेट सोडून तो व्हेपवर आलाय. मित्रांनीही तीन-चार नवे मागवलेत. दुकानात उघड विकतात, पक्कं बिल देतात, तर आणायला हरकत नसावी असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

आप्पा, अमळनेर
आणू दे बिनधास्त. मी मस्कतला होतो तेव्हा प्रत्येक खेपेला कार्टन आणायचो, 200 चालायच्या. बिल जवळ ठेवायचं. व्हेप मात्र हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत घालायचा.

भुसावळकर, सध्या अंधेरी
आप्पा, तुमच्या वेळी 200 बरोबरच होतं. जुलै 2014 च्या अर्थसंकल्पात ती मर्यादा 100 वर आली. कार्टनमध्ये 20 ची दहा पाकिटं असतात, म्हणजे एका माणसाकडे अख्खा कार्टन असला की अर्धा माल मर्यादेबाहेर गेला. मी मुंबईच्या सहार विमानतळावर क्लिअरिंगच्या कामात बरीच वर्षं काढली. लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. ड्यूटी फ्री म्हणजे त्या दुकानात तिथला कर लागला नाही, एवढंच. आपल्याकडे किती चालतं ते आपला कायदा ठरवतो, दुबईच्या बिलाने त्यात काही बदलत नाही. मुंबईत उतरल्यावर तिथल्या ड्यूटी फ्रीतून घेतलेली पाकिटंही त्याच 100 मध्ये धरतात.

आता दादाचं बघू. वहिनी सोबत आहे आणि तीही स्वतंत्र प्रवासी आहे, तिच्या 100 वेगळ्या. कार्टन फोडावा, पाच पाकिटं दादाच्या बॅगेत आणि पाच वहिनीच्या बॅगेत ठेवावीत. अख्खा कार्टन एकाच्या बॅगेत ठेवून ‘दोघांचा मिळून आहे’ म्हटलं तर ते मान्य होत नाही. एकाची सूट दुसऱ्याच्या सुटीत मिळवता येत नाही, नवरा-बायको असले तरी. जास्तच आणायच्या असतील तर लाल मार्गाने जाऊन आधी सांगायचं आणि वरच्यांवर शुल्क भरायचं. इतर सामानाचा दर सिगारेटला लागत नाही, शुल्क चांगलंच जड पडतं. न सांगता हिरव्या मार्गाने निघाला आणि सापडला, तर माल जप्त होतो आणि दंड वेगळा.

व्हेपचं मात्र असं नाही. तिथे मर्यादा शून्य. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची आयातच बंद आहे. एक असो, वापरलेला असो, बॅगेतून आणणं म्हणजे आयातच. शुल्क भरून सोडवायची सोय नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मित्रांसाठी तीन-चार सीलबंद नग असले, तर ‘स्वतःसाठी आणला’ हेसुद्धा म्हणता येणार नाही.

आणि आप्पा, कपड्यांच्या घडीचा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. व्हेपमध्ये लिथियम बॅटरी असते. विमानाच्या पोटात ठेवलेल्या सामानात ती पेटली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, म्हणून जगभर नियम एकच, व्हेप हातातल्या बॅगेतच ठेवायचा. मोठी बॅग तिकडेच एक्स-रेवर अडवून उघडायला लावतात.

पांझरा, धुळे
कायदा कळला भाऊ, पण तो न्याय्य आहे का ते कोणी बोलत नाही. आग्रा रोडवर प्रत्येक टपरीवर सिगारेट सुट्टी मिळते. ती मिळते आणि जी वस्तू धरून एका मजुराने सिगारेट सोडली तिच्यासाठी तुरुंग? सिगारेटने माणसं मरतात हे पाकिटावर चित्रासकट छापतात, आणि तरी शंभर आणायला मोकळीक देतात. दादासारख्याने महिनाभर काय करायचं? परत सिगारेट ओढायची? मग ह्या कायद्याने आरोग्य कोणाचं सांभाळलं?

शाळामास्तर, शिरपूर
पांझरा, मी उलट बाजूचा आहे आणि ठाम आहे. आठवीच्या एका पोराच्या दप्तरात मला पेनड्राइव्हएवढं काहीतरी सापडलं. आंब्याचा वास, धूर जवळजवळ नाही. विचारलं तर म्हणे मामाने आखातातून आणलं. घरच्यांना तो चार्जर वाटत होता. बिडीचा वास तरी लपत नाही, हे लपतं. मामाने स्वतःसाठीच आणलं असेल, मला शंका नाही, पण घरात आलेली वस्तू घरातल्या पोराच्या हाती जातेच. सिगारेट सुट्टी मिळते हे वाईट आहे, तर ती बंद करा. तिच्या जोडीला आणखी एक व्यसन नको.

पांझरा, धुळे
सर, पोराचं दुःख मला समजतं. पण ते दुकान कुठलं, पुरवणारा कोण, हे शोधायचं पोलिसांनी. 2019 पासून बंदी आहे आणि तरी ते तुमच्या वर्गात पोचलं, म्हणजे बंदी झेपत नाही हे तुम्हीच दाखवलंत.

सावद्याची आई
माझा मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे, म्हणून लिहिते. तिकडे सिगारेटची सूटच नाही, एक काडीसुद्धा करमुक्त नाही. फोडलेलं पाकीट खिशात असलं तरी उतरल्यावर सांगून कर भरावा लागतो. व्हेप तर जवळ बाळगणंही गुन्हा, 2018 पासून. सप्टेंबर 2025 पासून आणखी कडक केलंय, परदेशी माणूस पुन्हा पुन्हा सापडला तर त्याचा पास जाऊ शकतो. त्याच्या खोलीतला एक मुलगा इथूनच दोन पाकिटं घेऊन गेला आणि विमानतळावर रडकुंडीला आला. आखातातला नियम घेऊन कोणी पूर्वेकडे जाऊ नये.

तंबाखूवाला, नंदुरबार
मी दुबईला चाललोय. मळायची तंबाखू आणि चुन्याची डबी चालेल का? आणि विड्याची पानं? आम्हाला सुरत जवळ पडतं, विमान तिथूनच आहे.

भुसावळकर, सध्या अंधेरी
नंदुरबारवाले, इथे येण्याचं चाललंय, तुमचं जाण्याचं आहे, तरी सांगतो. विड्याची पानं आणि पानाचं साहित्य तिकडच्या बंदी यादीत आहे, ते घरीच ठेवा. येताना सुरतला उतरलात तरी नियम मुंबईचाच. लहान विमानतळावर बघत नाहीत, हा समज सोडा. तिथे प्रवासी कमी, म्हणून प्रत्येक बॅग नीट बघायला वेळ असतो.

पांझरा, तुमचा राग मला पटतो. सिगारेट चालू ठेवून फक्त व्हेप बंद करणं माझ्याही मनाला पटलेलं नाही. पण त्याची किंमत दादाने सहारच्या पट्ट्यासमोर उभं राहून का मोजायची? कायदा बदलायची लढाई इथे राहणारे लढतील. त्याचा पासपोर्ट त्याची भाकरी आहे. गुन्हा नोंदला तर सुट्टी कोर्टकचेरीत जाईल आणि तिकडची नोकरी वाट बघणार नाही.

गिरणाकाठ, चाळीसगाव
मित्रांचे नग रद्द करायला सांगतो. पण स्वतःचा व्हेप उतरल्यावर आपणहून दाखवला आणि परत जाताना घेतो म्हटलं तर?

भुसावळकर, सध्या अंधेरी
कस्टम्स कायद्याच्या कलम 80 मध्ये तशी सोय आहे. बंदीच्या वस्तूचंही खरं निवेदन केलं असेल तर अधिकारी ती ठेवून घेऊन परतताना देऊ शकतो. ‘शकतो’, द्यायलाच हवी असं नाही. 2019 चा कायदा वेगळा आहे, त्यामुळे समोरचा अधिकारी कोणता धरेल ते मी छातीठोक सांगणार नाही. मी दादाच्या जागी असतो तर शारजाच्या खोलीवर ठेवून आलो असतो.

पांझरा, धुळे
आणि महिनाभर?

शाळामास्तर, शिरपूर
निकोटीनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतात. दादाला निघायच्या आधीच तिकडच्या डॉक्टरला विचारायला सांगा, सवय लागायला थोडे दिवस जातात.