मदत हवी आहे: डाउनलोड संपलेलं दिसतं, तरी डिस्क १०० टक्के आणि गेम अडकतो

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. पीसी जुना आहे: विंडोज २४० जीबीच्या एसएसडीवर, सगळे गेम १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. नेट ४० एमबीपीएस.

दोन वेगवेगळ्या स्टोअरचे लाँचर आहेत. पहिल्यात `Allow downloads during gameplay` बंद केलंय, त्यामुळे त्याचाच गेम चालू असला की तो गप्प बसतो. पण दुसऱ्याला त्याचं काय! तो मागून आपला अपडेट सुरू करतो. आधी वाटलं नेटच कमी पडतंय, म्हणून त्याला १ एमबी प्रतिसेकंदाची मर्यादा घातली. पिंग सुधारला, अडकणं मात्र तसंच.

काल `resmon` उघडून Disk टॅब बघितला. नेट जवळजवळ शून्य, आणि दुसरा लाँचर एका ३५ जीबीच्या फाइलवर वाचन-लेखन करत होता. अपडेट फक्त २ जीबीचा! म्हणजे जुनी फाइल वाचून नवी अख्खी लिहिली जात असणार, आणि नेटची मर्यादा त्या कामाला लागूच होत नाही. बरोबर ना?

तो लाँचर पूर्ण बंद केला तर गेम मस्त चालतो. पण मग त्यातल्या गेमचे सेव्ह क्लाउडवर चढायचे राहतात, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही.

अपडेट फक्त पहाटे आणि सेव्ह लगेच, असं वेगळं करता येतं का? की चालू गेम एसएसडीवर हलवू? तिथे ९० जीबी मोकळे आहेत. कुणी केलं असेल तर सांगा राव.