इंटरेस्ट सर्टिफिकेटवर १२,८०० दिसताय, मग 80TTA मधे पूर्ण दहा हजार घ्यायचे का नाही?

अमळनेरकर
मागच्या वर्षाचं (२०२४-२५) रिटर्न भरतोय, होमलोन असल्यामुळे जुन्या करपद्धतीनेच. पगाराच्या खात्याचं व्याजाचं सर्टिफिकेट ॲपमधून काढलं, खाली एकूण व्याज १२,८००. व्याजावर 80TTA कलमाची सूट दहा हजारापर्यंत आहे म्हणून १०,००० टाकणार होतो, पण पासबुकात एवढं व्याज जमा झाल्याचं कुठंच दिसत नाही. सर्टिफिकेट खरं मानू का पासबुक?

भुसावळ_जंक्शन
सर्टिफिकेट बँकेचं आहे ना भो, मग बिनधास्त १०,००० टाक. कागद हातात आहे, कोणी विचारलं तर दाखवायचा. मी चार वर्षांपासून असंच करतोय, एक नोटीस आली नाही.

जळगावची_अकाउंटंट
थांबा दादा, आधी टाकू नका. सर्टिफिकेटच्या शेवटच्या ओळीवर जाऊ नका, वरच्या ओळी बघा. तुमच्या खात्याला ऑटो स्वीप चालू आहे का? म्हणजे ठराविक रकमेच्या वर पैसे गेले की बँक आपोआप त्याची एफडी करते ते. असेल तर सर्टिफिकेटवर त्याच ग्राहक क्रमांकाखाली दोन तीन वेगळे खाते नंबर दिसतील आणि १२,८०० ही त्या सगळ्यांची बेरीज असेल. 80TTA फक्त बचत खात्याच्या व्याजाला आहे, एफडी आरडीच्या व्याजाला नाही, आणि स्वीपमधे गेलेला पैसा ही एफडीच.

पासबुकात का दिसत नाही तेही त्यातच आहे. बचतीचं व्याज दर तिमाहीला पासबुकात पडतं, स्वीपचं व्याज मात्र ती एफडी मोडेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत आतल्या आतच वाढत राहतं, सर्टिफिकेटवर ते "झालेलं" म्हणून येतं. पासबुकातल्या व्याजाच्या चार नोंदी इथं लिहा बरं, मग बघू.

अमळनेरकर
ताई बरोबर निघालं. जून ३५२, सप्टेंबर ३७१, डिसेंबर ३६६, मार्च ३९१. सर्टिफिकेटवर पहिली ओळ १,४८० आणि खाली तीन लांबलचक नंबर आहेत त्यांची बेरीज ११,३२०. स्वीप पन्नास हजारावर लावलेलं निघालं, खातं उघडताना फॉर्मवर कुठंतरी टिक केली असेल, मला माहितीच नव्हतं.

जळगावची_अकाउंटंट
३५२, ३७१, ३६६, ३९१ = १,४८०, पहिल्या ओळीशी तंतोतंत. म्हणजे या खात्यावर सूट १,४८० ची, दहा हजाराची नाही. तुम्ही १०,००० घेतले असते तर ८,५२० जास्तीचे, वीस टक्क्यांच्या स्लॅबमधे सेस धरून जवळपास १,७७२ रुपये कर कमी भरला गेला असता.

धुळे_वकील
माझं मत वेगळं आहे आणि मी ते ठामपणे मांडतो. स्वीपचा पैसा एटीएममधून निघतो, चेक वटतो, यूपीआय होतं, मोडायला अर्ज लागत नाही. कलमात मुदत ठेव म्हणजे ठराविक मुदत संपल्यावर परत मिळणारी ठेव असं आहे. जो पैसा रात्री दोन वाजता बटण दाबून निघतो तो मुदतीवर परत मिळणारा कसा? खातेदाराच्या नजरेत ते एकच बचत खातं आहे.

जळगावची_अकाउंटंट
वकीलसाहेब, खातेदाराला काय वाटतं त्यावर नाही ना ते. बँक त्या पैशाला एफडीचा दर देते, मुदत टाकून देते, मोडलं तर त्या तुकड्यावर व्याज कमी करते. बचतीचा दर आणि हा दर एक नाहीच. साधी एफडी पण ऑनलाइन रात्री दोनला मोडता येते, म्हणून ती काय बचत होते का?

आणि प्रत्यक्षातली अडचण सांगते. रिटर्नमधे आधी इतर उत्पन्नात बचतीचं व्याज वेगळं आणि ठेवीचं व्याज वेगळं भरावं लागतं. 80TTA चा आकडा तिथल्या बचतीच्या व्याजापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे तुम्हाला स्वीपचे ११,३२० मुद्दाम बचतीच्या रकान्यात टाकावे लागतील, आणि एआयएसमधे, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीच्या पत्रकात, बँकेने ते ठेवीचं व्याज म्हणून कळवलेलं असतं. तिथंच तफावत उभी राहते.

धुळे_वकील
तफावत म्हणजे चूक नव्हे, तिथं बाजू मांडता येते. पण हो, दीड-दोन हजारासाठी पगारदार माणसाने ती लढाई लढावी का, हा प्रश्न रास्त आहे. मुद्दा मी सोडत नाही.

चोपडा_केळीबाग
मग एआयएसमधेच सगळं आहे तर सर्टिफिकेट कशाला काढायचं? ते जोडावं पण लागत नाही रिटर्नला.

जळगावची_अकाउंटंट
जोडावं लागत नाही हे खरं, जपून ठेवावं लागतं. एआयएस बँकेने जे कळवलं ते दाखवतं, नाही कळवलं किंवा उशिरा कळवलं तर तिथं कोरं, पण व्याज तुमचंच आहे आणि दाखवायचंही तुम्हालाच. अमळनेरकर, दुसरं कुठलं खातं आहे का?

अमळनेरकर
हो, गावाकडच्या सहकारी बँकेत जुनं बचत खातं आहे, पासबुकात वर्षाचं व्याज २,२६०. एआयएसला ते नाहीच!

जळगावची_अकाउंटंट
बघा, हेच. सहकारी बँकेचं बचत व्याज 80TTA मधे चालतं आणि दहा हजाराची मर्यादा सगळ्या बँका मिळून एकच. मग बचतीचं व्याज १,४८० अधिक २,२६० = ३,७४० उत्पन्नात दाखवा, ठेवीचं ११,३२० दाखवा, सूट ३,७४० ची घ्या. "सूट मिळणारच आहे तर कशाला दाखवायचं" असं करू नका, आधी पूर्ण उत्पन्न, मग वजावट. त्या शाखेतून पण सही शिक्क्याचं सर्टिफिकेट घ्या आणि १ एप्रिल ते ३१ मार्चचंच मागा.

भुसावळ_जंक्शन
मी आत्ता माझं चेक केलं. माझ्या सर्टिफिकेटवर पण स्वीप निघालं. हाई खरं शे. चार वर्षं मी खालची बेरीजच टाकत आलो. या वर्षाचं अजून सुधारून भरता येईल, मागच्यांचं बघावं लागेल.

शिरपूर_निवृत्त
माझं वय ६७, नवीन पद्धतीने भरतो. मला पन्नास हजाराची सूट का मिळाली नाही? बँकेत दोनदा भांडून आलो, ते म्हणता सर्टिफिकेट बरोबर आहे.

जळगावची_अकाउंटंट
काका, सर्टिफिकेट बरोबरच असणार. ६० च्या वरच्यांना 80TTB, त्यात एफडीचं व्याज पण धरतात, पन्नास हजारापर्यंत. पण 80TTA असो का 80TTB, नवीन पद्धतीत दोन्ही नाहीत. जुन्या पद्धतीने एकदा हिशोब करून बघा, नुसत्या या सुटीसाठी मात्र बदलू नका, दोन्हीकडचा एकूण कर लावून बघा.

पाचोरा_किराणा
आमच्याकडे तर निम्मे पैसे पतसंस्थेत आहे. पतसंस्थेच्या बचत खात्याचं सर्टिफिकेट चालेल का?

जळगावची_अकाउंटंट
कलमात बँका, बँकिंगचा व्यवसाय करणाऱ्या सहकारी संस्था आणि पोस्ट आहे. पतसंस्थेकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो, म्हणून मी माझ्या क्लायंटला ते घेऊ देत नाही.

धुळे_वकील
आणि मी घ्यायला सांगतो. सभासदांच्या ठेवी घेणं आणि कर्ज देणं हेच बँकिंग नाही तर काय? जळगाव धुळ्यात पतसंस्था हीच लोकांची बँक आहे.

पाचोरा_किराणा
तुम्ही दोघं एकदाचं ठरवा ना, मला सोमवारी रिटर्न भरायचंय.