शब्दचर्चा: प्रेसवरच्या माणसाला 'निष्काळजी' म्हणावं का?

पानापकड
भोसरीत धातूचे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म यंदापासून मराठीत आलाय आणि शेऱ्याला जेमतेम तीन ओळी आहेत. एका ऑपरेटरबद्दल मी लिहिलं, "उत्पादन उत्तम, पण सुरक्षेबाबत निष्काळजी. वर्षात १४ दिवस गैरहजर." एचआरने 'निष्काळजी'खाली पेन्सिलीने रेघ मारून कागद परत पाठवला. सौम्य शब्द सुचवा. 'बेफिकीर' चालेल का?

ओळंबा
बेफिकीर सौम्य कुठला, उलट जास्त झोंबेल. निष्काळजी म्हणजे काळजी घेतली नाही, बेफिकीर म्हणजे घ्यावीशीच वाटली नाही. 'बेपर्वा' तर थेट पोलिसांच्या फिर्यादीतला. त्यातल्या त्यात 'हलगर्जी' बरा.

चौथी_पाळी
मला ११ वर्षं 'समाधानकारक' हाच शेरा मिळतोय. आधी वाटायचं साहेब समाधानी आहेत. पगारवाढीच्या वेळी कळलं, त्याचा अर्थ 'नापास केलेलं नाही' एवढाच.

पानापकड
@चौथी_पाळी, तुमचं दुःख कळलं, पण माझा प्रश्न वेगळा आहे.

जुना_फिटर
शब्द बदलून भागणार नाही. निष्काळजी, हलगर्जी ही माणसाला चिकटवलेली विशेषणं झाली. त्याने नेमकं केलं काय ते सांगा.

पानापकड
शंभर टनी जुनी प्रेस आहे. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच स्ट्रोक येतो, म्हणजे हात डायच्या बाहेर राहतात. ऑगस्टमध्ये राउंडला गेलो तर डावं बटण चिंधी कोंबून दाबून ठेवलेलं. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने माल आत. लक्ष्य पाळीला १८०० नगांचं, हा १९२० काढायचा.

जुना_फिटर
मग तुमच्या वाक्यातला खरा घोटाळा 'निष्काळजी' नाही, 'पण' आहे. "उत्पादन उत्तम, पण सुरक्षा कमी" म्हटलं की त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. वरचे १२० नग कदाचित त्या चिंधीनेच काढले असतील! चिंधी काढल्यावर आकडा किती आला?

पानापकड
सप्टेंबरपासून १८१० ते १८३०.

जुना_फिटर
म्हणजे 'उत्तम' हा शब्द चिंधीचा होता. माणूस अजूनही लक्ष्य गाठतोय, तेवढंच लिहा. आणि तुम्ही दर स्ट्रोकला दोन्ही बटणं सोडावीच लागतील असं कंट्रोल बसवलंत तर चिंधीचा उपयोगच संपेल. जुन्या प्रेसवर ते नसतं. तो दोष ऑपरेटरच्या शेऱ्यात येऊ देऊ नका.

ओळंबा
पण नुसती घटना लिहिली तर मूल्यमापन कुठे झालं? ती नोंदवही झाली.

जुना_फिटर
नोंदवहीच बरी. 'सवयीचा निष्काळजीपणा' हा आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या नोकरीच्या नियमांच्या सरकारी नमुन्यात, गैरवर्तनाच्या यादीत आहे. तुम्ही सहज लिहिलेलं विशेषण उद्या चौकशीत पुरावा म्हणून पुढे येतं. तुम्ही पाहिलं एकदाच, म्हणून सवय म्हणता येत नाही.

तांबडी_माती
'गैरहजर'कडे कुणी बघितलं का? आमच्याकडे तीन शब्द आहेत. रजा म्हणजे विचारून घेतलेली. खाडा म्हणजे दिवस भरला नाही, कारण काहीही असो. दांडी म्हणजे मुद्दाम मारलेली. गैरहजर हा शब्द कागदावर खाड्यासारखा दिसतो, पण ऐकणाऱ्याला दांडी ऐकू येते. १४ दिवस कसले होते?

पानापकड
९ दिवस मंजूर रजा. ४ दिवस ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला होता. न कळवता फक्त १ दिवस.

तांबडी_माती
मग त्याला १४ दिवस गैरहजर म्हणणं अन्याय आहे हो.

पानापकड
हजेरीच्या मशीनवरून एकूण आकडा उचलला होता. चूक माझी. आता असं लिहिलंय:

"दिलेले लक्ष्य सप्टेंबरपासून सातत्याने गाठले. ऑगस्टमध्ये दोन बटणांपैकी एक अडकवून प्रेस चालवताना एकदा आढळले, समज दिली. त्यानंतरच्या तपासण्यांत आढळले नाही. मंजूर रजा ९, ईएसआय ४, न कळवता खाडा १."

ओळंबा
'समज दिली' मऊ वाटतंय. बोट गेलं असतं! 'ताकीद दिली' लिहा.

जुना_फिटर
ताकीद म्हटलं की त्याचा कागद कुठे आहे असं विचारतील. तोंडी बोलला असाल तर समजच.

पानापकड
तोंडीच बोललो होतो, मशीनजवळ उभं राहून.

तांबडी_माती
आणि 'अडकवून' ऐवजी शॉपवर तुम्ही काय म्हणता?

पानापकड
'बायपास करून'. पण तो सेन्सरलाही म्हणतात, गार्डलाही. शिवाय ऑपरेटर सही करण्याआधी वाचणार आहे, त्याला चिंधी आठवली पाहिजे.

चौथी_पाळी
मग 'चिंधी कोंबून' असंच लिहा की.

ओळंबा
फॉर्मवर चिंधी? एचआर पुन्हा पेन्सिल काढेल.