मदत हवी आहे: एका गुणाचे नागरिकशास्त्राचे प्रश्न

नमस्कार मंडळी, खानापूरहून लिहितेय. मुलगी दहावीला, मराठी माध्यमात. तिच्यासाठी एका वाक्याच्या उत्तराचे प्रश्न काढतेय.

‘न्यायमंडळाचे कार्य कोणते?’ असं विचारलं तर कायद्याचा अर्थ लावणे, तंटे सोडवणे, हक्कांचं रक्षण, तिन्ही बरोबर! मग गुण कशाला द्यायचा? म्हणून बदललं: ‘न्यायमंडळ कार्यकारी मंडळापासून वेगळं ठेवण्याची तरतूद कोणत्या कलमात आहे?’ उत्तर एकच, कलम ५०. पण त्यात कायदेमंडळाचा उल्लेख नाही, म्हणून ‘तिन्ही शाखा’ लिहिलं की प्रश्नच चुकतो.

शेजारच्या कन्नड माध्यमातल्या मुलाच्या वहीत शासकांग, कार्यांग, न्यायांग असे शब्द आहेत. लेक तेच उचलते. मराठी पेपरात ते चालतात का? न्यायालयीन पुनर्विलोकनावर एकच उत्तर येईल असा प्रश्न कसा काढायचा?