मदत हवी आहे: गुणवाढ म्हणते उपक्रम यशस्वी, अँकोव्हा म्हणतो फरक नाही. प्रबंधात काय लिहू?

वाचनवेल:
एम.एड.च्या प्रबंधात अडकले आहे. सातवीच्या दोन तुकड्या, प्रत्येकी ३६ मुलं. शाळेने तुकड्या गेल्या वर्षीच्या गुणांवरून पाडल्या आहेत, त्यामुळे मुलं इकडची तिकडे करायला मुख्याध्यापकांनी स्पष्ट नकार दिला. मग कच्च्या तुकडीला, म्हणजे 'ब'ला, मी स्वतः आठ आठवडे वाचन-आकलनाचा उपक्रम शिकवला. 'अ'ला त्यांच्या नेहमीच्या बाईंनी नेहमीसारखं शिकवलं. चाचणी ४० गुणांची, आधी आणि नंतर समांतर प्रश्नपत्रिका.

सरासरी अशा: 'ब' १४ वरून २१ वर, 'अ' २० वरून २४ वर. म्हणजे 'ब' ७ गुणांनी वाढली, 'अ' ४ गुणांनी. या गुणवाढीवर टी-चाचणी केली तर ३ गुणांचा फरक सार्थ येतो. पूर्वचाचणी सहचल धरून अँकोव्हा केला तर फरक १.२ गुणांवर येतो आणि सार्थ राहत नाही. माझे मार्गदर्शक म्हणतात, दोन्ही सोडा, पूर्वचाचणीत सारखे गुण असलेल्या मुलांच्या जोड्या लावा म्हणजे गट समान होतील. १४ जोड्या मिळाल्या, पण बाकीची ४४ मुलं टाकून द्यावी लागतात. बरोबर काय?

चौकटराजा:
सोपं आहे की. दोन्ही तुकड्यांतून चिठ्ठ्या टाकून २०-२० मुलं निवडा आणि त्यांचंच विश्लेषण करा. यादृच्छिक झालं.

वाचनवेल:
दादा, चिठ्ठ्या टाकून 'ब'मधली २० मुलं निवडली तरी ती 'ब'चीच राहणार ना? कुणाला उपक्रम मिळाला हे चिठ्ठीने ठरलेलं नाही, ते तुकडीने ठरलंय.

खडूचीधूळ:
मला वाटतं हा सरासरीकडे सरकण्याचा प्रकार आहे. कच्ची तुकडी तशीही वर येतेच, हुशार तुकडी थोडी खाली येते. तुमचे ३ गुण त्यातलेच. अँकोव्हा तो दोष काढून टाकतो, म्हणून १.२ खरा.

मापनवेडी:
खडूचीधूळ, अर्धं बरोबर आहे तुमचं. सरकणं खरंच आहे, पण कुठे सरकणार ते पाहा. तुकड्या *या* पूर्वचाचणीच्या गुणांवरून पाडलेल्या नाहीत, गेल्या वर्षीच्या गुणांवरून पाडल्या आहेत. निवडीच्या वेळच्या नशिबाचा भाग पूर्वचाचणीपर्यंत बहुतेक झडून गेला असणार. त्यामुळे 'ब'ची १४ ही सरासरी आपोआप २० कडे जाईल असं मानायला आधार नाही. एकेक मूल मात्र सरकतं, आणि ते *आपापल्या तुकडीच्या* सरासरीकडे सरकतं.

आता वाचनवेल, तुमच्या जोड्यांत काय होतं ते बघू. समजा चाचणीची विश्वासार्हता ०.७ आहे आणि कुणालाच काही शिकवलेलं नाही. १७ गुणांची जोडी घ्या. 'ब'मधलं मूल आपल्या तुकडीपेक्षा ३ गुण वर आहे. त्यातला काही भाग त्या दिवशीचं नशीब. पुन्हा चाचणी घेतली तर त्याचे अपेक्षित गुण १४ + ०.७ × ३ = १६.१. 'अ'मधलं १७ वालं मूल आपल्या तुकडीपेक्षा ३ गुण खाली आहे, त्याचे अपेक्षित गुण २० − ०.७ × ३ = १७.९. कागदावर समान दिसणारी दोन मुलं, काहीही न करता १.८ गुणांनी दूर गेली, आणि तोटा उपक्रमवाल्या मुलाचा. जोड्या लावल्याने गट समान झाले नाहीत, फक्त असमानता दिसेनाशी झाली.

अँकोव्हातही हेच घडतं. उत्तरचाचणीत 'ब' ३ ने मागे आहे. त्यात सहा गुणांच्या सुरुवातीच्या अंतराची भरपाई व्हायला हवी. पण चाचणीतल्या चुकीमुळे पूर्वचाचणीवरून उत्तरचाचणीचा अंदाज देणाऱ्या रेषेचा उतार ०.७ वर आलाय, म्हणून ६ ऐवजी ४.२ च परत मिळतात. −३ + ४.२ = १.२. गुणवाढीच्या ३ मधून तेच १.८ वजा झाले.

ही चूक जुनी आणि महाग आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत हेड स्टार्ट या गरीब मुलांसाठीच्या शालापूर्व उपक्रमाच्या मूल्यमापनात तुलनेची मुलं तुलनेने बऱ्या स्थितीतल्या गटातून जुळवून घेतली होती. १९७० मध्ये कॅम्पबेल आणि एर्लबाकर यांनी दाखवलं की अशा जुळवणीने गरीब मुलांसाठीचा उपक्रम निरुपयोगी, अगदी अपायकारकही भासू शकतो. तुमच्या मार्गदर्शकांना हा १.८ चा हिशोब कागदावर मांडून दाखवा.

वाचनवेल:
म्हणजे गुणवाढच बरोबर?

मापनवेडी:
एका अटीवर: उपक्रम नसता तर दोन्ही तुकड्या सारख्याच वेगाने वाढल्या असत्या. ही अट अँकोव्हा किंवा टी-चाचणी तपासून देत नाही. आधीचे गुणच सांगतात. शाळेकडे त्याआधीच्या भाषेच्या दोन घटक चाचण्या असतील, तर प्रत्येक चाचणीत दोन तुकड्यांमधलं अंतर तुकड्यांतर्गत प्रमाण विचलनाने भागून पाहा. अंतर स्थिर असेल तर गुणवाढीला बळ मिळतं. आधीपासून कमी होत असेल, तर 'ब' तशीही वर येत होती. वाढत असेल तर उपक्रमाचा परिणाम ३ पेक्षाही जास्त असू शकतो.

सोबत पूर्वचाचणीचे गुण विश्वासार्हतेने दुरुस्त करून अँकोव्हा R मध्ये पुन्हा चालवा:

```
m <- ave(d$pre, d$tukdi)
d$pre_t <- m + 0.7 * (d$pre - m)
summary(lm(post ~ pre_t + tukdi, data = d))
```

तुमच्या आकड्यांवर ०.७ ला फरक ३ येईल, ०.८ ला साधारण २.२५, ०.६ ला ४. तिन्ही प्रबंधात द्या.

रविवारची_शाळा:
माझंही असंच झालं होतं. शाळा सुटल्यावरच्या वर्गाला स्वतःहून थांबणारी मुलं घेतली आणि न थांबणाऱ्यांशी तुलना केली. पूर्वचाचणीत दोन्ही गट अगदी सारखे, म्हणून मी निश्चिंत. मौखिक परीक्षेत विचारलं, जे मूल थांबतं ते घरीही जास्त वाचत असेल त्याचं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सारखी सरासरी म्हणजे सारखी मुलं नव्हेत.

खडूचीधूळ:
मापनवेडी, तुकडीच्या सरासरीचा मुद्दा पटला. पण एक अडचण राहतेच. 'ब'ला वाचनवेलने शिकवलं, 'अ'ला दुसऱ्या बाईंनी. ३ गुण उपक्रमाचे की शिक्षिकेचे?

मापनवेडी:
याला विश्लेषणात इलाज नाही. ७२ मुलं असली तरी तुकड्या दोनच आहेत, बाजूला एकेक. टी-चाचणी सगळी मुलं एकमेकांपासून स्वतंत्र मानते, म्हणून तिची सार्थता जरा जास्तच आत्मविश्वासाची आहे. हे मर्यादांच्या प्रकरणात सरळ लिहा. वेळ असेल तर मात्र एक करता येईल: आता 'अ'च्या बाईंना उपक्रम शिकवा आणि त्यांनाच तो 'अ'वर राबवू द्या, 'ब' नेहमीच्या पाठांवर परत. दुसऱ्या शिक्षिकेच्या हातूनही त्या काळात 'अ' जास्त वाढली, तर शिक्षिकेची शंका बरीच कमी होईल.

वाचनवेल:
घटक चाचण्या मिळाल्या. अंतर पहिल्या चाचणीत १.१, दुसरीत १.०५, माझ्या पूर्वचाचणीत १.०, उत्तरचाचणीत ०.५. हे आधीपासून कमी होत होतं असं धरायचं का?

मापनवेडी:
०.०५ च्या पायऱ्या ३६-३६ मुलांच्या गटात चढउतारातच जमा होतात, त्यांना कल म्हणू नका. कल धरलाच तरी ०.५ त्या वेगाने आलेलं नाही. चारही आकड्यांचा आलेख द्या.

वाचनवेल:
'अ'च्या बाई तयार आहेत. पण परीक्षेआधी सहाच आठवडे उरलेत. आठ आठवड्यांचा उपक्रम सहात बसवला तर तुलना चालेल का?

रविवारची_शाळा:
शेवटचे दोन घटक गाळा, पण चाचणी बदलू नका.

मापनवेडी:
मला खात्री नाही. तिसऱ्या वेळी जुन्यांपैकीच एक प्रश्नपत्रिका दिली तर मुलांना उतारे पाठ झालेले असतील, आणि ती सवय दोन्ही तुकड्यांत सारखीच असेल असं नाही. तिसरी समांतर प्रश्नपत्रिका तयार आहे का तुमच्याकडे?